लॅसिक्सच्या आधीची दहा मिनिटं

फुप्फुसात पाणी भरलेला माणूस कॅज्युअल्टीत आला की सवयीने पहिला हुकूम सुटतो तो लॅसिक्सचा. नर्सच्या हातात अँप्यूल आधीच फुटलेलं असतं. पाणी झालंय ना, मग पाणी काढा, हे इतकं सरळ वाटतं की त्यावर कोणी थांबून विचार करत नाही. या आजाराच्या एका प्रकारात मात्र हे औषध चौथ्या क्रमांकाचं आहे, आणि आधीचे तीन क्रमांक नीट पार पडले तर पेशंट बहुतेक वेळा नळीवाचून सुटतो. हा लेख त्या एका प्रकाराबद्दल आहे: रक्तदाब आकाशाला भिडलेला आणि दम तासा-दोन तासांत, कधी पंधरा मिनिटांत वाढलेला. इंग्रजी पुस्तकांतून याला ‘स्केप’ म्हणतात.

डोळ्यांसमोर एक पेशंट घेऊ. गोव्यातल्या सत्तरी तालुक्याच्या एका गावातली चौसष्ट वर्षांची बाई. पंधरा वर्षांचं ब्लडप्रेशर, मधुमेह, हृदयाच्या भिंती जाड झालेल्या. जूनचे दिवस आहेत, मासेमारीला बंदी आहे, त्यामुळे ताटात सुक्या सुंगटांची किसमूर आणि चेपणीची तोरं, म्हणजे मिठातल्या कैऱ्या, असं खारट खाणं रोजचं. ब्लडप्रेशरच्या गोळ्या चार दिवसांपूर्वी संपल्या आणि पावसामुळे आणायच्या राहिल्या. रात्री दीडला ती धडपडून उठते, खिडकीशी जाऊन उभी राहते, आणि अडीचला वाळपईच्या आरोग्य केंद्रात पोचते तेव्हा तिला एक वाक्यही पुरं बोलता येत नाही. अंग घामाने थबथबलेलं, हातपाय गार. श्वास मिनिटाला बेचाळीस, नाडी १३०, ऑक्सिजन ७८ टक्के, रक्तदाब २२०/१२०. पाठीवर स्टेथोस्कोप ठेवला तर वरपर्यंत करकर ऐकू येते.

आता गंमत अशी की या बाईच्या पायांवर सूज नाही. काल तिचं वजन केलं असतं तर ते नेहमीइतकंच किंवा किलोभर जास्त निघालं असतं. मग लिटरभर पाणी फुप्फुसात अचानक आलं कुठून? ते बाहेरून आलेलं नाही, शरीरातच होतं, फक्त जागा बदलून बसलं. खाजन शेताची मानस ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे लगेच कळेल. नदीला भरती आली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने मानशीची दारं आपोआप मिटतात आणि शेतातलं पावसाचं पाणी आत तुंबतं. शेतात पाऊस जास्त पडलेला नसतो, बाहेरची पातळी चढलेली असते. इथेही तसंच. घाबरलेलं शरीर अ‍ॅड्रेनलिन सोडतं आणि धमन्या आवळतात. जाड, ताठर डाव्या कप्प्याला एवढ्या दाबाविरुद्ध रक्त बाहेर टाकणं जमत नाही, आणि ते मागे फुप्फुसाच्या केशवाहिन्यांत तुंबून त्यातलं पाणी हवेच्या पिशव्यांत झिरपतं. श्वास कोंडतो, त्याने भीती वाढते, भीतीने धमन्या आणखी आवळतात. हे चक्र जिथे तुटेल तिथे तोडायचं, हाच सगळ्या उपचारांचा गाभा. बादलीने शेत उपसत बसण्यापेक्षा भरती उतरवणं सोपं आणि जलद आहे.

पहिली गोष्ट फुकट आहे आणि तीच सर्वांत जास्त बिघडवली जाते. बाईला बसवायचं. स्ट्रेचरचा मागचा भाग नव्वद अंशांपर्यंत वर, आणि जमलं तर पाय कडेवरून खाली सोडलेले. पाय खाली गेले की हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं, आणि पोट खाली गेल्याने श्वासपटलाला हलायला जागा मिळते. पुढे टेकायला एक टेबल आणि त्यावर उशी दिली तर खांद्यांचे स्नायूही श्वासाच्या कामाला येतात. हे सगळं कोणालाही माहीत असतं. तरीही ईसीजी काढायला आलेला म्हणतो, “माई, जरा आडव्या व्हा,” एक्स-रेवाला म्हणतो पाठीवर झोपवा, आणि सुई टोचणाऱ्याला हात सरळ हवा असतो. त्या अर्ध्या मिनिटाच्या आडवेपणात ऑक्सिजन ७८ वरून ६० वर येऊ शकतो आणि हृदय थांबूही शकतं. ईसीजी बसून निघतो. थोडा वेगळा दिसतो, पण मोठा हार्ट अटॅक लपत नाही. एक्स-रे थांबू शकतो. सोनोग्राफीचा प्रोब असेल तर बसलेल्या बाईच्या छातीवर दोन्ही बाजूंना ठेवून बघता येतं: एका फासळीच्या फटीत तीन किंवा जास्त उभ्या पांढऱ्या रेघा, आणि त्या दोन्हीकडे अनेक ठिकाणी, तर फुप्फुसं ओली आहेत हे एक्स-रेपेक्षा लवकर कळतं.

बसवता बसवता दुसरा माणूस ऑक्सिजनचा पिशवीवाला मास्क लावतो, लिटर पंधरा. तिसरा शीर मिळवतो. शीर मिळेपर्यंत वाया जाणारी चार मिनिटं जिभेखालच्या नायट्रेटने भरून काढायची. नायट्रोग्लिसरीनचा स्प्रे असेल तर ०.४ मिलिग्रॅमचा एक फवारा, नाहीतर सॉर्बिट्रेटची ५ मिलिग्रॅमची गोळी. तोंडाने श्वास घेऊन जीभ कोरडी ठणठणीत झालेली असते, गोळी तशीच पडून राहते. तिच्यावर दोन थेंब पाणी टाकायचं. आणि हे सीपॅप-बायपॅपच्या मशीनआधी करायचं, कारण एकदा त्याचा मास्क बसला की प्रत्येक गोळीसाठी तो काढावा लागेल आणि मिळवलेला दाब हातचा जाईल.

नायट्रेट देण्याआधीचे प्रश्न मोजके आहेत, पण चुकवायचे नाहीत. वरचा दाब ११० च्या खाली तर नाही? ईसीजी निघाला असेल तर त्यात उजव्या बाजूच्या अटॅकची खूण? महाधमनीची झडप खूप आखडल्याचं कधी कोणी सांगितलंय? आणि सिल्डेनाफिल गेल्या चोवीस तासांत किंवा टाडालाफिल अठ्ठेचाळीस तासांत घेतलंय का? हा शेवटचा प्रश्न मुलगा-सून उभे असताना विचारला तर उत्तर नेहमी ‘नाही’ असंच येतं. त्यांना पेपर करायला काउंटरवर पाठवून मग विचारावं. बायकांना विचारायची गरज नाही असंही समजू नये, फुप्फुसाच्या रक्तदाबासाठी हीच औषधं त्यांनाही दिली जातात.

आता मास्कचं मशीन, म्हणजे सीपॅप किंवा बायपॅप. हे मशीन फक्त ऑक्सिजन देतं असा समज आहे. ते त्याहून जास्त करतं. श्वास सोडतानाही फुप्फुसात दाब टिकवून ते मिटलेल्या पिशव्या उघड्या ठेवतं, छातीतला दाब वाढवून हृदयाकडे येणारं रक्त कमी करतं, आणि डाव्या कप्प्याभोवतीच बाहेरून दाब आल्याने त्याचं आकुंचनाचं काम हलकं होतं. म्हणजे औषध रक्तात पोचायच्या आत ते भरती थोडी उतरवतं. ब्रिटनमध्ये हजाराहून जास्त पेशंटांवर झालेल्या आणि २००८ साली प्रसिद्ध झालेल्या थ्री-सीपीओ या चाचणीत सात दिवसांतल्या मृत्यूंचा आकडा साध्या ऑक्सिजनपेक्षा कमी झाला नाही, पण दम आणि रक्तातली आम्लता लवकर सुधारली, आणि सीपॅप की बायपॅप याने फरक पडला नाही. म्हणून हाताशी जे आहे ते वापरावं. कोणतं चांगलं यावर वाद घालत बसण्याइतका वेळ या बाईकडे नाही.

लावायची पद्धत मात्र महत्त्वाची. बुडणाऱ्या माणसाच्या तोंडावर कोणी प्लास्टिक पट्ट्यांनी आवळलं तर तो ते ओढून फेकणारच, आणि आपण त्याला ‘कोऑपरेट करत नाही’ असं लिहून मोकळे होतो. आधी पट्ट्या नकोत. सीपॅप असेल तर दाब पाच सेंटिमीटरवर ठेवून मास्क हाताने धरायचा, किंवा तिच्याच हातात देऊन आपला हात वरून ठेवायचा. “माई, हा वारा जोरात येईल. तो आत घ्या. नको वाटलं तर हात वर करा, मी लगेच काढतो.” आठ-दहा श्वासांनंतर तिला स्वतःला फरक कळतो. मग पट्ट्या, दोन बोटं आत जातील इतक्या सैल. दाब दोन-तीन मिनिटांनी एक-दोनने वाढवत आठ, मग दहा. बायपॅप असेल तर आत घेताना दहा आणि सोडताना पाच अशी सुरुवात, आणि ऑक्सिजन चढेल तसा सोडतानाचा दाब आठ-दहाकडे न्यायचा आणि वरचा त्याच्यापुढे पाच-सहाने. बरेच जण फक्त वरचा आकडा वाढवत राहतात. ओल्या फुप्फुसाला खालचा आकडा हवा असतो.

इथे एक बिघाड असा आहे की तो ओळखू न आल्याने माणूस जातो. मास्क दोन जातींचे असतात, भोकांचे आणि बिनभोकांचे. घरगुती बायपॅपसारख्या एका नळीच्या मशीनला सोडलेली हवा बाहेर जायला भोक लागतं, मग ते मास्कवर असो किंवा नळीवर. दोन्हीकडे नसेल तर बाई स्वतःचाच कार्बन डायऑक्साइड पुन्हा पुन्हा घेते. ऑक्सिजनचा आकडा सुंदर दिसतो आणि वीस मिनिटांत ती गुंगायला लागते. उलट, आयसीयूच्या दोन नळ्यांच्या व्हेंटिलेटरला भोकांचा मास्क लावला तर गळती एवढी होते की अलार्म थांबत नाही आणि दाब कधी तयारच होत नाही. त्यामुळे मशीन चालू करण्याआधी मास्कचं टोक हातात धरून भोक शोधायचं. पाच सेकंदांचं काम आहे. लहान मशीनमध्ये ऑक्सिजन नळीतून वेगळा सोडावा लागतो, तिथे शंभर टक्के मिळत नाही हेही धरून चालावं.

शीर मिळाली. नायट्रोग्लिसरीनचं पंचवीस मिलिग्रॅमचं पाच मिलिलिटरचं अँप्यूल, असे दोन, आणि चाळीस मिलिलिटर सलाइन किंवा पाच टक्के डेक्स्ट्रोज. पन्नास मिलिलिटरच्या सिरिंजमध्ये पन्नास मिलिग्रॅम, म्हणजे एका मिलिलिटरला एक मिलिग्रॅम. ही गाठ पक्की बांधली की हिशेब सोपा: पंपावर ताशी सहा मिलिलिटर म्हणजे मिनिटाला १०० मायक्रोग्रॅम. अँप्यूलवरची ताकद वाचूनच भरायचं, कारण सगळ्या कंपन्यांची सारखी नसते.

खूप ठिकाणी पंप ताशी ०.३ किंवा ०.६ वर, म्हणजे मिनिटाला पाच-दहा मायक्रोग्रॅमवर सुरू होतो आणि तासभर तिथेच राहतो. जरा ताडून पाहा. जिभेखाली दर पाच मिनिटांनी ०.४ मिलिग्रॅमचा फवारा दिला तर मिनिटाला ऐंशी मायक्रोग्रॅम होतात. त्यातलं निम्म्याहून कमी रक्तात पोचलं असं धरलं तरी तीसेक मायक्रोग्रॅम. म्हणजे महागड्या पंपातून आपण फवाऱ्याहूनही कमी औषध देतोय! शिवाय कमी मात्रेत हे औषध मुख्यतः शिरा सैल करतं. धमन्या सैल व्हायला जास्त मात्रा लागते, आणि या बाईचं दुखणं धमन्यांत आहे. म्हणून दाब १६०-१८० च्या वर असेल आणि मॉनिटरसमोर माणूस उभा असेल, तर एक मिलिग्रॅम, म्हणजे सिरिंजमधलं एक मिलिलिटर, दोन मिनिटांत हळूहळू शिरेतून द्यायचं, आणि लगेच १०० मायक्रोग्रॅमवर पंप. दाब दर दोन-तीन मिनिटांनी मोजायचा. पाच मिनिटांनी दम तसाच आणि दाब १६० च्या वर असेल तर पुन्हा एक मिलिग्रॅम, पंप २०० वर. चारशेपर्यंत जावं लागलं तरी दचकायचं कारण नाही. इस्रायलमध्ये १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या चाचणीत एका गटाला शिरेतून आयसोसॉर्बाइड डायनायट्रेटचे मोठे डोस वारंवार दिले आणि दुसऱ्याला मुख्यतः लॅसिक्सचे. व्हेंटिलेटर पहिल्या गटात १३ टक्क्यांना लागला, दुसऱ्यात ४० टक्क्यांना.

पंप दोनशेवर आहे तरी दाब हलत नाही, असं झालं तर औषधाला दोष देण्याआधी नळीकडे बघावं. साध्या पीव्हीसीच्या नळीच्या भिंती नायट्रोग्लिसरीन शोषून घेतात, त्यामुळे नळी जितकी लांब आणि वेग जितका कमी तितकं जास्त औषध वाटेतच राहतं. पॉलिइथिलीनची नळी वापरावी. ती नसेल तर आखूड जोडणी ठेवावी आणि आकड्यापेक्षा पेशंटवर मात्रा ठरवावी. दुसरं कारण म्हणजे हातावर दाबाचा पट्टा बांधलाय त्याच हातात सलाइन चालू असणं. पट्टा फुगला की औषध थांबतं.

आता लॅसिक्स. चाळीस मिलिग्रॅम शिरेतून, आणि बाई घरी आधीच ते घेत असेल तर रोजच्या तोंडी डोसाइतकं किंवा अडीचपटीपर्यंत. लघवी पाच-दहा मिनिटांनी सुरू होऊ शकते, भर अर्ध्या तासाने येतो, पण तोही किडनीला रक्त पोचत असेल तर. धमन्या आवळलेल्या असताना किडनीही आवळलेली असते, म्हणून आधी दाब उतरला की तोच डोस जास्त चालतो. काही पेशंटांत ते सुरुवातीला दाब थोडा वाढवतंही. हे सगळं म्हणून लॅसिक्स देऊच नये असं मात्र नाही. पाय सुजलेले, मान फुगलेली, आठवडाभर वजन चढलेलं असा पेशंट असेल तर ते लवकर आणि भरपूर द्यावं. आपल्या सत्तरीच्या बाईत ते दहाव्या-पंधराव्या मिनिटाला गेलं तरी चालतं. डायलिसिस चुकलेल्या माणसाला त्याचा फारसा उपयोग नाही, त्याला मास्क आणि नायट्रेटवर तगवून डायलिसिसला पाठवायचं.

देऊ नये अशा गोष्टी दोन. चालू सलाइनची बाटली, जी कोणीतरी शीर उघडी ठेवायला लावलेली असते आणि मोकाट धावत असते. आणि मॉर्फिन, ज्याने घाबरेपणा शमतो खरा, पण श्वासही मंदावतो. सुंसुं आवाज ऐकून सवयीने लावलेलं अस्थालिनचं नेब्युलायझेशन नाडी आणखी पळवतं. दम्याचा इतिहास नसेल तर त्याची घाई नको.

तर घड्याळ असं चालतं. दोन मिनिटांत बसवणं, ऑक्सिजन, सॉर्बिट्रेट. चौथ्या मिनिटाला मास्क. सहाव्याला शीर आणि पहिला एक मिलिग्रॅम. दहाव्या मिनिटाला ईसीजी हातात, अटॅकची शंका आली तर तो गोमेकॉच्या, म्हणजे बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजच्या, हृदयविभागाला दाखवायचा. बाराव्याला दाब १९०, दुसरा मिलिग्रॅम, मग लॅसिक्स. विसाव्या मिनिटाला दाब १६२/९४, श्वास तीस, ऑक्सिजन ९४. आणि मग एक वेगळाच क्षण येतो: घाम सुकायला लागतो, ती डोळे मिटून मागे टेकते, दोन शब्द सलग बोलते.

याच क्षणी चुका होतात. सगळे निश्वास सोडून पांगतात आणि पंप दोनशेवर तसाच राहतो. पण अ‍ॅड्रेनलिनचा झटका ओसरला की धमन्या आपोआप सैल होतात, आणि वरून आपलं औषध. अर्ध्या तासात दाब ८५ वर. म्हणून दम उतरायला लागला की पंपही उतरवायचा: दाब पहिल्या तासा-दोन तासांत पाव हिश्शाने खाली आला की पुरे. १४०-१५० ला पंप निम्मा, ११० ला बंद. दाब पडलाच तर औषध थांबवून पाय वर करावेत. त्याचा असर काही मिनिटांत संपतो.

दुसरी चूक म्हणजे डोळे मिटणं नेहमी आराम समजणं. हाक मारल्यावर ती डोळे उघडून नीट उत्तर देते का? श्वास वीस-पंचवीसवर सावकाश आलाय की बारावर उथळ झालाय? दमून गुंगलेला पेशंट मॉनिटरवर बराच वेळ चांगला दिसतो. तासाभराने श्वास अजून पस्तीसच्या वर, रक्ताचा पीएच ७.२५ च्या खाली, किंवा शुद्ध हरपत चालली, तर मास्कचा हट्ट सोडून नळी घालावी. ती शक्यतो बसलेल्या स्थितीतच औषधं देऊन, शेवटच्या क्षणी मागे झुकवून. आणि पेशंट ओकायला लागला की मास्क त्याच सेकंदाला निघाला पाहिजे, म्हणून पहिला तासभर एक माणूस हाताच्या अंतरावर हवा.

दाब सुरुवातीलाच नव्वदच्या खाली असेल तर वरचं बहुतेक सगळं गैरलागू. तो हृदयाच्या शॉकचा पेशंट, त्याला नायट्रेट म्हणजे विष.

वाळपईहून बांबोळीला न्यायचं तर ऑक्सिजनचा हिशेब निघण्याआधी करावा. दीड घनमीटरचा बी-टाइप सिलिंडर भरलेला असेल तर त्यात पंधराशे लिटर. मिनिटाला पंधरा लिटरने शंभर मिनिटं, पण मास्कच्या मशीनला गळतीमुळे जास्त लागतं. दोन सिलिंडर घ्यावेत आणि नळ खोलून काटा स्वतः बघावा. १०८ च्या गाडीतही बाई बसलेलीच हवी. घरून येणाऱ्यांनाही एवढंच सांगण्यासारखं आहे: माणसाला झोपवू नका, पाणी पाजू नका, घरातलं लॅसिक्स देऊन ‘बघू या’ म्हणत थांबू नका, १०८ लावा.

पहाटेपर्यंत लघवीच्या पिशवीत आठशे मिलिलिटर जमतं, मास्क निघून साध्या ऑक्सिजनवर ९६ टक्के. आता पंप एकदम बंद करण्याआधी तोंडावाटे ब्लडप्रेशरची गोळी पोटात गेलेली असायला हवी, तिचा असर व्हायला तास-दोन तास लागतात. ही गोळी राहून गेली की वॉर्डात पोचल्यावर हेच सगळं पुन्हा सुरू होतं, आणि तिथे मास्कचं मशीन शोधावं लागतं. मग कारण शोधणं: दुसरा ट्रोपोनिन, इको, किडनीचे रिपोर्ट. असेच झटके वर्षात दोन-तीनदा आले असतील आणि इकोत हृदयाचं आकुंचन चांगलं असेल, तर किडनीच्या धमन्यांचं डॉपलर जरूर करावं. दोन्ही धमन्या आखडलेल्या सापडल्या तर गोळ्यांची यादीच बदलावी लागते, आणि एसीई गटातलं औषध तिथे जपून द्यावं लागतं.